एक ग्रॅम युरेनिअम आणि एक ग्रॅम कोळसा: २५ लाख पट हा आकडा येतो कुठून?

प्रश्न: एक ग्रॅम युरेनिअमच्या विखंडनातून एक ग्रॅम कोळशाच्या लाखो पट ऊर्जा मिळते असं वाचतो. पण कुठे २५ लाख पट लिहिलेलं असतं, कुठे ३० लाख, तर कुठे चक्क २० हजार. मी E = mc² वापरून केलं तर २७४ कोटी पट आलं. पुस्तकात एका विखंडनाची ऊर्जा २०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट दिली आहे, पण समीकरणातल्या वस्तुमानांवरून मला १७३ च मिळतात. नक्की चुकतंय कुठे?

उत्तर:

आधी आकडा देऊन टाकतो. एक ग्रॅम युरेनिअम-२३५ मधल्या प्रत्येक अणूचं विखंडन झालं, तर साधारण ८.२ × १०¹⁰ ज्यूल, म्हणजे ८,२०० कोटी ज्यूल उष्णता निघते. एक ग्रॅम शुद्ध कार्बन पूर्ण जळला तर निघतात सुमारे ३३ हजार ज्यूल. भागाकार केला की २५ लाख येतात. तुमच्या यादीतले २५ लाख, ३० लाख आणि २० हजार हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत; प्रत्येकातला ‘एक ग्रॅम’ वेगळा आहे, एवढंच. २७४ कोटी मात्र चूक आहे. आणि १७३ हे उत्तर चुकलेलं नाही, अर्धवट सोडलेलं आहे. अणुभट्टीच्या इंधनाचे हिशेब करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हा गोंधळ माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. एकेक धागा सोडवू.

कोळशाची बाजू सोपी आहे, तिथून सुरुवात करतो. कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो तेव्हा ४.०८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. मेगा नव्हे, साधे इलेक्ट्रॉन व्होल्ट. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हीच गोष्ट प्रति मोल ३९३.५ किलोज्यूल अशी दिलेली असते. एक ग्रॅम कार्बनमध्ये ५.०२ × १०²² अणू असतात. त्याला ४.०८ ने गुणा, इलेक्ट्रॉन व्होल्टचे ज्यूल करा (१.६०२ × १०⁻¹⁹ ने गुणून), की ३२,८०० ज्यूल मिळतात.

आता खाणीतून येतो तो कोळसा काही शुद्ध कार्बन नसतो. त्यात राख असते, ओलावा असतो, थोडा हायड्रोजन आणि गंधक असतं. ऊर्जाक्षेत्रात तुलनेसाठी ‘प्रमाण कोळसा’ म्हणून किलोला ७,००० किलोकॅलरी, म्हणजे ग्रॅमला २९,३०० ज्यूल धरतात. त्याने भागलं तर २८ लाख पट येतं. ग्रॅमला २४ हजार ज्यूल देणारा मध्यम प्रतीचा कोळसा घेतला तर ३४ लाख. १५ हजार ज्यूलवाला लिग्नाइट घेतला तर ५५ लाख. म्हणजे कोळसा जितका हलका, तितकं युरेनिअम जास्त थोर दिसतं! म्हणून २५ लाखांच्या वरचा कुठलाही आकडा दिसला, की कोळसा कोणता धरलाय ते आधी विचारावं. मी शक्यतो शुद्ध कार्बनशीच तुलना करतो, कारण त्यात वाद घालायला जागा उरत नाही.

आता युरेनिअम. एका विखंडनात सुमारे २०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट निघतात. एका अणूची एका अणूशी तुलना केली तर गुणोत्तर ४ कोटी ९० लाख येतं. मग ग्रॅमची ग्रॅमशी तुलना करताना ते एकदम २५ लाखांवर का घसरतं? कारण युरेनिअमचा अणू जड आहे. कार्बनच्या एका अणूचं वस्तुमान १२ एकक, तर युरेनिअमचं २३५. त्यामुळे ग्रॅमभर युरेनिअममध्ये फक्त २.५६ × १०²¹ अणू मावतात, कार्बनच्या सुमारे १९.६ पट कमी. ४ कोटी ९० लाखांना १९.६ ने भागा, २५ लाख आले. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक नेमकी इथे असते. अव्होगाड्रो अंक सरळ २०० ने गुणतात आणि २३५ ने भागायचं विसरतात. उत्तर २३५ पट मोठं येतं, आणि तरीही ते खटकत नाही, कारण या विषयात सगळेच आकडे अवाढव्य असतात.

पडताळा घ्यायचा असेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवा. १ मेगावॅट औष्णिक शक्ती दिवसभर मिळवायची, तर साधारण १.०५ ग्रॅम युरेनिअम-२३५ चं विखंडन व्हावं लागतं. उलट बाजूने, एक ग्रॅम म्हणजे ०.९५ मेगावॅट-दिवस, किंवा सुमारे २२,८०० युनिट उष्णता. ‘उष्णता’ हा शब्द मुद्दाम वापरला. ही वीज नव्हे. उष्णतेची वीज करताना अणुवीज केंद्रात साधारण एक तृतीयांश हाती लागते, म्हणजे ग्रॅममागे साडेसात हजार युनिट. कोळशावरच्या चांगल्या केंद्रात हे प्रमाण थोडं जास्त असतं. तुलना करताना एका बाजूला उष्णता आणि दुसऱ्या बाजूला वीज घेतली, तर उत्तरात उगाचच तिप्पट फरक पडतो.

हे झालं अंकगणित. पण २०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात कुठून, हे कळल्याशिवाय त्या अंकगणिताला चव नाही. आणि मला वाटतं, शाळा-कॉलेजात हाच भाग सगळ्यात वाईट शिकवला जातो. तिथे सांगतात की कोळशात रासायनिक ऊर्जा असते, युरेनिअममध्ये अणुऊर्जा असते आणि ती फार शक्तिशाली असते. हे स्पष्टीकरण नव्हे, नुसतं नाव देणं झालं. खरी गोष्ट अशी की दोन्हीकडे बाहेर पडणारी ऊर्जा मुळात एकाच बलाची आहे, विद्युत बलाची.

हिशेब करून बघू. प्रोटॉनच्या प्रभाराइतके दोन प्रभार एकमेकांपासून एक अँगस्ट्रॉम अंतरावर, म्हणजे साधारण अणूच्या आकाराइतक्या अंतरावर ठेवले, तर त्यांच्यातली विद्युत ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. रसायनशास्त्रातल्या सगळ्या घडामोडी याच मापाच्या असतात, कारण तिथे हालचाल होते ती अणूच्या बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांची. कार्बन जळताना ही इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि आधीच्या व नंतरच्या मांडणीतला फरक म्हणजे ते ४.०८ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

आता युरेनिअमच्या केंद्रकात शिरा. समजा त्याचे बेरिअम आणि क्रिप्टॉन असे दोन तुकडे झाले. बेरिअममध्ये ५६ प्रोटॉन, क्रिप्टॉनमध्ये ३६. दोघेही धनप्रभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारच. प्रभारांचा गुणाकार ५६ × ३६ = २,०१६. आणि अंतर? केंद्रक तुटण्याआधी लांबट होतं, मध्ये त्याची मान बारीक होते, आणि मान तुटते त्या क्षणी दोन तुकड्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १७ फर्मी असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एक लाख फर्मी. म्हणजे अंतर जवळपास ५,९०० पटींनी कमी झालं. १४.४ ला २,०१६ ने गुणा आणि परत ५,९०० ने गुणा. उत्तर येतं सुमारे १७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे १७० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रयोगात मोजलेली दोन तुकड्यांची सरासरी गतिज ऊर्जा १६९ च्या आसपास आहे.

या गुणाकारात कुठेही ‘अणुबल’ आलेलं नाही, हे लक्षात घ्या. केंद्रकाला एकत्र धरून ठेवणारं प्रबल बल इथे कडीचं काम करतं, आणि दाबून बसवलेली स्प्रिंग म्हणजे ९२ प्रोटॉनांचं एकमेकांवरचं विद्युत प्रतिकर्षण. प्रबल बलाचा पल्ला अगदी तोकडा, शेजारच्या दोन-चार कणांपुरता. विद्युत बल मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. केंद्रक जसजसं जड होतं तसतशी स्प्रिंग ताकदवान होत जाते आणि कडी त्या प्रमाणात वाढत नाही. युरेनिअमपाशी ती इतकी कशीबशी टिकून असते की एक मंद न्यूट्रॉन आत शिरला तरी निसटते. म्हणून विखंडनातून ऊर्जा मिळवायला केंद्रक जड असावं लागतं. आणि म्हणूनच प्लुटोनिअम-२३९ किंवा युरेनिअम-२३३ घेतलं तरी ग्रॅममागचा आकडा फारसा हलत नाही, ८,००० ते ८,५०० कोटी ज्यूलच्या आसपासच राहतो.

हा हिशेब पहिल्यांदा झाला तो १९३८ च्या डिसेंबरात. बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना युरेनिअमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरिअम सापडलं होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. हान यांनी ते लीझ माइटनर यांना पत्राने कळवलं. माइटनर तेव्हा जर्मनी सोडून स्वीडनमध्ये राहत होत्या. नाताळच्या सुट्टीत कुंगएल्व या गावी त्यांचा भाचा ओटो फ्रिश त्यांच्याकडे आला होता. दोघांनी मिळून दोन वेगवेगळ्या वाटांनी हिशेब केला. एक वाट वर दिली तीच, दोन तुकड्यांच्या प्रतिकर्षणाची. दुसरी वाट वस्तुमानाची: तुकड्यांचं एकूण वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या साधारण एक पंचमांशाने कमी भरत होतं. दोन्ही वाटा २०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी येऊन मिळाल्या. पुढच्याच महिन्यात फ्रिशनी कोपनहेगनला आयनीभवन कक्षात तुकड्यांचे जोरदार विद्युत स्पंद प्रत्यक्ष पाहिले.

तुमचे १७३ या दुसऱ्या वाटेवरचे आहेत. तुम्ही बहुधा हे समीकरण घेतलं असणार:

युरेनिअम-२३५ + न्यूट्रॉन → बेरिअम-१४१ + क्रिप्टॉन-९२ + ३ न्यूट्रॉन

डावीकडे युरेनिअमचं वस्तुमान २३५.०४३९ आणि न्यूट्रॉनचं १.००८७, बेरीज २३६.०५२६ एकक. उजवीकडे बेरिअम १४०.९१४४, क्रिप्टॉन ९१.९२६२ आणि तीन न्यूट्रॉनांचे ३.०२६०, बेरीज २३५.८६६६. फरक ०.१८६० एकक. एका एककाचे ९३१.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणून १७३.३. इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही. (जाता जाता: इथे चार दशांश स्थळं ठेवावीच लागतात. दोनच ठेवली तर फरक ०.१८ येतो आणि उत्तर १६८ च्या जवळ घसरतं. दोन मोठ्या, जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी असली की असंच होतं.)

मग उरलेले २६ कुठे गेले? तुम्ही हिशेब फार लवकर थांबवलात. बेरिअम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ हे काही शेवटचे पदार्थ नव्हेत. जड केंद्रकात प्रोटॉनांच्या मानाने न्यूट्रॉन जास्त लागतात, मध्यम केंद्रकाला तितके चालत नाहीत. युरेनिअम फुटल्यावर तुकड्यांना वारशात जादा न्यूट्रॉन मिळतात. दोन-तीन तर लगेच बाहेर पडतात, पण तेवढ्याने भागत नाही. मग तुकड्यातला एकेक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलत जातो आणि प्रत्येक वेळी एक इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, बाहेर पडतो.

बेरिअम-१४१ चं अर्धायुष्य १८ मिनिटांचं. त्याचं लँथेनम होतं, काही तासांत लँथेनमचं सेरिअम होतं, आणि सेरिअम-१४१ साडेबत्तीस दिवसांच्या अर्धायुष्याने सावकाश प्रसिओडिमिअम-१४१ मध्ये बदलतं. तिथे ही साखळी थांबते. क्रिप्टॉनची साखळी जास्त घाईची आहे. क्रिप्टॉनचं रुबिडिअम आणि रुबिडिअमचं स्ट्रॉन्शिअम काही सेकंदांत होतं, मग स्ट्रॉन्शिअमचं इट्रिअम आणि इट्रिअमचं झिर्कोनिअम-९२ व्हायला काही तास लागतात. एका साखळीत तीन बीटा कण, दुसरीत चार. आता वजाबाकी या स्थिर शेवटांपर्यंत करा. प्रसिओडिमिअम १४०.९०७७, झिर्कोनिअम ९१.९०५०, तीन न्यूट्रॉनांचे ३.०२६०, एकूण २३५.८३८७. डाव्या बाजूशी फरक ०.२१३९ एकक, म्हणजे १९९ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. पुस्तकातले २०० हे आले. वापरलेली वस्तुमानं अख्ख्या अणूंची आहेत, त्यामुळे बाहेर पडलेल्या सात इलेक्ट्रॉनांचा हिशेब वेगळा करायची गरज पडत नाही. नव्या अणूंच्या वस्तुमानात तो आपोआप येतो.

अर्थात बेरिअम आणि क्रिप्टॉन ही अनेक जोड्यांपैकी एक. युरेनिअम शेकडो तऱ्हांनी फुटतं आणि प्रत्येक जोडीची बेरीज थोडी वेगळी येते. सरासरी काढली तर एका विखंडनामागे तुकड्यांच्या गतीत १६९, सुट्या न्यूट्रॉनांच्या गतीत ५, लगेच निघणाऱ्या गॅमा किरणांत ७, नंतरच्या बीटा आणि गॅमात मिळून १३, आणि प्रतिन्यूट्रिनोंमध्ये जवळजवळ ९ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. हे शेवटचे ९ आपल्या कधीच हाती लागत नाहीत. प्रतिन्यूट्रिनो भट्टीच्या भिंतीतून, जमिनीतून, पृथ्वीतूनसुद्धा आरपार निघून जातात. तरीही भट्टीत मोजलेली उष्णता २०० च्या जवळपासच भरते, कारण दुसरीकडून थोडी भर पडते. साखळी पुढे न चालवणारे न्यूट्रॉन इंधनात, पोलादात किंवा पाण्यात शोषले जातात, आणि त्या शोषणातून निघणाऱ्या गॅमा किरणांची उष्णताही भट्टीतच राहते. एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने साधारण भरून येतं. या दोन आकड्यांत निसर्गाचा काही नियम नाही, निव्वळ योगायोग आहे. त्यामुळे वेगळ्या रचनेच्या भट्टीत हा आकडा दोन-चार मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टने इकडेतिकडे होतो.

उशिरा येणारा हा भाग पुस्तकात किरकोळ वाटतो. भट्टीवर काम करणाऱ्याला तो तसा वाटत नाही. साखळी प्रक्रिया थांबवली तरी आधीच तयार झालेले तुकडे आपल्या गतीने क्षय पावत राहतात, त्यांना कुठलीही कळ बंद करता येत नाही. भट्टी बंद केली त्या क्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता चालूच असते. तासाभरात ती एक-दीड टक्क्यावर येते आणि दिवसभरानंतर साधारण अर्ध्या टक्क्यावर. ३,००० मेगावॅट औष्णिक शक्तीच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट, आणि तेवढी उष्णता काढून नेली नाही तर इंधन वितळायला पुरते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच व्यवस्थित बंद झाल्या होत्या. इंधन वितळलं ते याच उशिराच्या उष्णतेने, थंड करणारी यंत्रणा त्सुनामीत निकामी झाल्यावर. कोळशाच्या बाजूला असं काही नाही. हवा बंद केली की जळणं थांबतं, आणि थांबलं की थांबलं.

आता २७४ कोटींकडे येऊ. तुम्ही अख्खा ग्रॅम E = mc² मध्ये घातलात. त्यातून ९ × १०¹³ ज्यूल येतात, आणि त्याला कार्बनच्या ३२,८०० ज्यूलनी भागलं की २७४ कोटी. पण विखंडनात ग्रॅम नाहीसा होत नाही. वरच्या समीकरणात आकडे मोजून पाहा: डावीकडे २३५ अधिक १, उजवीकडे १४१ अधिक ९२ अधिक ३. दोन्हीकडे २३६. एकही प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन संपलेला नाही. पुढच्या बीटा क्षयातही न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, पण एकूण संख्या तीच राहते. कमी झालं ते फक्त त्यांच्या बांधणीतलं वस्तुमान, हजारात एकापेक्षाही कमी. एका ग्रॅममागे सुमारे ०.९ मिलिग्रॅम. या ०.९ मिलिग्रॅमला c² ने गुणलं की आपले ८.२ × १०¹⁰ ज्यूल परत येतात.

इथे कोळशाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण E = mc² हे सूत्र अणुऊर्जेपुरतंच आहे असा समज फार पसरला आहे. कोळसा जळतानाही वस्तुमान घटतं. एक ग्रॅम कार्बन जळाला की कार्बन आणि त्याने घेतलेला ऑक्सिजन यांच्या एकूण वस्तुमानात ०.३६ नॅनोग्रॅमची घट होते, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांश भागापेक्षाही कमी. रसायनशास्त्रज्ञांच्या तराजूला ती कधी दिसली नाही, म्हणून रसायनशास्त्रात वस्तुमान अक्षय्य आहे हा नियम बिनधोक चालतो. दोन्ही घटींचं गुणोत्तर काढून पाहा. पुन्हा २५ लाखच येईल.

राहिला २० हजारांचा आकडा. अणुवीज केंद्रांच्या माहितीत तो बऱ्याचदा भेटतो आणि लोकांना वाटतं कुणाची तरी दोन शून्यं गळली. तसं नाही. खाणीतून येणाऱ्या युरेनिअममध्ये युरेनिअम-२३५ असतं फक्त ०.७ टक्के, बाकी जवळजवळ सगळं युरेनिअम-२३८. मंद न्यूट्रॉनांनी ते फुटत नाही. जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनिअम तसंच, समृद्ध न करता, म्हणजे त्यातलं युरेनिअम-२३५ चं प्रमाण न वाढवता वापरतात, आणि तिथे टनामागे साधारण ७,००० मेगावॅट-दिवस ऊर्जा मिळाल्यावर इंधन बाहेर काढतात. एका ग्रॅमचा हिशेब केला तर ७ किलोवॅट-दिवस, म्हणजे ६० कोटी ज्यूल. ग्रॅमला ३० हजार ज्यूल देणाऱ्या कोळशाशी तुलना करा, बरोबर २० हजार पट.

या ६० कोटींत एक गंमत लपली आहे. एक ग्रॅम नैसर्गिक युरेनिअममधलं ७.१ मिलिग्रॅम युरेनिअम-२३५ सगळंच्या सगळं फुटलं असतं, तर ५८ कोटी ज्यूल मिळाले असते. म्हणजे भट्टीने तेवढे दिले, किंबहुना थोडे जास्तच. पण बाहेर काढलेल्या इंधनात न फुटलेलं युरेनिअम-२३५ शिल्लक असतंच. मग भरपाई कोणी केली? युरेनिअम-२३८ ने न्यूट्रॉन गिळून प्लुटोनिअम-२३९ तयार केलं आणि त्यातलं बरंचसं जागच्या जागी फुटलं. जड पाण्याच्या भट्टीतली बरीच मोठी ऊर्जा अशा तऱ्हेने ‘निरुपयोगी’ समजल्या जाणाऱ्या भागातून येते.

समृद्ध युरेनिअमच्या साध्या पाण्याच्या भट्टीत टनामागे ४५,००० मेगावॅट-दिवसांच्या आसपास मिळतात, म्हणजे कोळशाच्या सव्वा लाख पटींपेक्षा थोडं जास्त. पण साडेचार टक्के समृद्ध इंधनाचा एक ग्रॅम करायला नैसर्गिक युरेनिअम सुमारे नऊ ग्रॅम लागतं, ते या आकड्यात दिसत नाही. खाणीपासून मोजलं तर हीसुद्धा तुलना १५ हजार पटींच्या जवळ येते.

शेवटचा एक बारकावा, कारण वर दिलेले १.०५ ग्रॅम घेऊन कोणी इंधनसाठ्याचा हिशेब करायला बसलं तर तो जुळणार नाही. न्यूट्रॉन गिळल्यावर युरेनिअम-२३५ चा प्रत्येक अणू फुटतोच असं नाही. भट्टीतल्या मंद न्यूट्रॉनांच्या बाबतीत साधारण सहा-सात अणूंमागे एक अणू न फुटता नुसता युरेनिअम-२३६ होऊन बसतो आणि इंधन म्हणून बाद होतो. त्यामुळे १ मेगावॅट-दिवसासाठी फुटतात १.०५ ग्रॅम, पण खर्ची पडतात सुमारे १.२३ ग्रॅम. अणुभट्टीच्या कागदपत्रांत हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले तर त्यातला एक चुकीचा समजून खोडू नका. ‘विखंडन झालेला ग्रॅम’ म्हटलं तर २५ लाख पट, आणि ‘खर्च झालेला ग्रॅम’ म्हटलं तर त्याच युरेनिअम-२३५ साठी २१ लाखांच्या आसपास.